प्रदर्शनात भेट झाली, आता मेसेज कधी आणि काय? बेळगाव-निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि बाकी जुनी लेथ. कोल्हापूर, हुबळी, पुणे, बेंगळुरू इथल्या प्रदर्शनांना आणि खरेदीदार-पुरवठादार मेळाव्यांना मी बरीच वर्षं जातोय. तिथे भेटलेल्या माणसाला दुसऱ्या दिवसाच्या आत लिंक्डइनवर काय लिहायचं, हे मच्छे, होनगा, निपाणी, खानापूरकडची मंडळी मला सारखी विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. उदाहरणं मशीन शॉपची आहेत, कारण मला तेवढंच कळतं.

एका दिवसातच कशाला? दोन-तीन दिवसांनी निवांत लिहिलं तर काय बिघडतं?

समोरच्याच्या बाजूने बघा. एखाद्या पंप कंपनीचा पर्चेस मॅनेजर दिवसभरात पन्नास-साठ जणांशी बोललेला असतो. त्यातले निम्मे आपल्यासारखेच, जॉबवर्कवाले. संध्याकाळी त्याच्या खिशात कार्डांची गड्डी असते आणि डोक्यात चार-पाच चेहरे. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात बसला की लाइन थांबलेली असते, कुणाचा तरी माल आलेला नसतो, आणि ते चार-पाच चेहरेही पुसले जातात. तोवर तुमचा मेसेज गेला असेल तर तो वाचताना त्याला तुमचा चेहरा आठवतो. तीन दिवसांनी त्याला फक्त नाव दिसतं.

दुसरं कारण आपल्या बाजूचं आहे, आणि माझ्या मते तेच जास्त खरं आहे. तीन दिवसांनी आपल्यालाच काही आठवत नाही. मग आपण लिहितो, "आपल्याला भेटून आनंद झाला, आमच्या योग्य सेवा असल्यास कळवावे." हे वाक्य साठातल्या साठही जणांनी पाठवलेलं असतं. त्या माणसाने बोलताना जी नेमकी अडचण सांगितली होती, ती त्याच संध्याकाळपर्यंत ताजी असते. चोवीस तासांची घाई आहे ती तिच्यासाठी.

काय लिहायचं तेच सुचत नाही. आणू कुठून?

मेसेज लिहायला बसल्यावर सुचत नाही, हे बरोबरच आहे. तो स्टॉलवर उभं असतानाच निम्मा लिहून व्हायला हवा. कार्ड हातात आलं, माणूस पुढे गेला, की बाजूला सरकून कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिहायच्या: तो काय म्हणाला, आपण काय पाठवतो म्हणालो, आणि त्याला ओळखायची एखादी खूण. पेन कायम खिशात हवं. गुळगुळीत कार्डावर जेल पेन फिसकटतं, साधं बॉलपेन चालतं. कार्ड पूर्ण काळं असेल तर त्याचा फोटो काढून त्याखाली मोबाइलमध्ये लिहा.

एकदाचं माझं कार्ड असं होतं: "हाउसिंग. ब्लो होल फिनिशनंतर उघडतं, खर्च कुणाचा? सीआर-एमआर कागद पाठव. चष्मा, हुबळीत शिकलेत." एवढंच. ब्लो होल म्हणजे ओतताना कास्टिंगच्या आत वायू अडकून राहिलेली पोकळी; सीआर-एमआर काय ते पुढे येईलच. पुढचा सगळा मेसेज त्यातून निघाला, तो खाली दिलाय.

कोल्हापूरहून परत येताना मी कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की निपाणीला चहाला थांबतो. तिथे कार्डं टेबलावर पसरायची, ज्यांच्या मागे काही लिहिलेलं नाही त्यांच्यावर आठवेल तेवढं लिहायचं. घरी पोचल्यावर करू म्हटलं की झालं. घरी पोचल्यावर जेवण असतं आणि झोप असते.

कार्ड आहे, पण लिंक्डइनवर माणूसच सापडत नाही.

आपल्या पट्ट्यात नुसतं "पाटील" शोधलं तर कोल्हापूरपासून धारवाडपर्यंत सगळे पाटील हजर होतात. नावाबरोबर कंपनीचं नाव टाकून बघा. कंपनीच्या पानावर जाऊन तिथल्या लोकांत शोधलं तर अजून लवकर सापडतो. आद्याक्षरांवर अडू नका, कार्डावर "एस. बी." असतं आणि प्रोफाइलवर पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. गावाचंही तसंच: कुणी Belgaum लिहितं, कुणी Belagavi. दोन्ही टाकून बघा.

खरा उपाय मात्र समोर असतानाच आहे. लिंक्डइनच्या मोबाइल ॲपमध्ये शोधपट्टीवर बोट ठेवलं की क्यूआर कोडचं चिन्ह दिसतं. आपला कोड दाखवायचा, त्यांनी स्कॅन करायचा, तिथेच रिक्वेस्ट, तिथेच स्वीकार. याचा फायदा फक्त शोधाशोध वाचते एवढाच नाही. एकदा जोडले गेलात की दुसऱ्या दिवशी थेट पूर्ण मेसेज लिहिता येतो, फाइल जोडता येते. रिक्वेस्टबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीत यातलं काही जमत नाही. हॉलमध्ये रेंज नसते म्हणून मी माझा कोड गॅलरीत सेव्ह करून ठेवलाय, आणि गळ्यातल्या बॅजच्या मागे त्याची प्रिंट लावतो.

Connect दाबलं आणि रिक्वेस्ट नुसतीच गेली, चिठ्ठी लिहायला विचारलंच नाही. मागे घेऊन परत पाठवू का?

नको, मागे घेऊ नका. Withdraw केलं की त्याच माणसाला पुन्हा रिक्वेस्ट पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे चोवीस तासांच्या नादात एकवीस दिवस गेले. गेलेली रिक्वेस्ट तशीच राहू द्या. त्याऐवजी कार्डावरच्या ईमेलवर दोन ओळी टाका की लिंक्डइनवर रिक्वेस्ट पाठवली आहे, आपण काल अमुक विषयावर बोललो होतो.

हे होतं ते मोबाइलवर. सुचवलेल्या लोकांच्या यादीतलं Connect दाबलं की रिक्वेस्ट थेट सुटते. आधी माणसाचं प्रोफाइल उघडायचं, More मध्ये जायचं आणि Personalize invite निवडायचं. काही जणांच्या प्रोफाइलवर पुढे Follow दिसतं, Connect सापडत नाही. तेही More मध्येच लपलेलं असतं.

आणखी एक. पैसे न भरता वापरणाऱ्याला अशा चिठ्ठ्या महिन्याला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मिळतात. त्या प्रदर्शनाच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. ओळखीच्या मेहुण्याला चिठ्ठीसकट रिक्वेस्ट पाठवण्यात घालवू नका, तो तसाही स्वीकारणार आहे.

दोनशे अक्षरांत काय बसणार?

फुकट खात्याला चिठ्ठीसाठी २०० अक्षरं मिळतात, पैसे भरणाऱ्याला ३००. आणि मराठीत लिहिणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, हे सगळं वेगळं मोजलं जातं. "निपाणी" डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द दिसतो, मोजणीत तो सहाचा आहे. त्यामुळे मराठी चिठ्ठी वाटते त्याच्या आधीच संपते.

तरी बसतं. ही माझी चिठ्ठी:

"नमस्कार साहेब. आज दुपारी कोल्हापुरात भेटलो, बेळगावचा मशीन शॉपवाला. बोअर फिनिश झाल्यावर उघडणाऱ्या ब्लो होलवर बोललो होतो. सीआर-एमआर नोंदीचा कागद तुम्हाला पाठवायचा आहे."

ही १७०च्या आत आहे. यात कोण, कुठे, कशावर बोललो आणि रिक्वेस्ट स्वीकारली तर त्यांना काय मिळणार, हे चारही आहे. माझ्या कंपनीचं नाव नाही, कारण ते प्रोफाइलवर शेजारीच दिसतं. "आपला व्यवसाय वाढवण्यासाठी" वगैरे तर नाहीच. जागा कमी आहे हे एका अर्थी बरं आहे. मोकळं मैदान दिलं असतं तर मी १९९८ला शॉप कसं सुरू झालं तिथपासून सुरुवात केली असती.

रिक्वेस्ट स्वीकारली. आता पुढे काय लिहू?

आता वरचीच गोष्ट पूर्ण सांगतो, कारण सगळं काम इथे आहे.

ते साहेब पंप बनवणाऱ्या कंपनीत खरेदी बघायचे. त्यांची अडचण अशी: बेअरिंग हाउसिंगचं बीड कास्टिंग फाउंड्रीतून येतं, मशीन शॉपमध्ये जातं. बोअरचा शेवटचा फिनिश कट घेतला की आत ब्लो होल उघडं पडतं. तोवर मशिनिंगचा सगळा खर्च झालेला असतो. फाउंड्री म्हणते, कास्टिंग बदलून देतो, मशिनिंगचे पैसे आम्ही का द्यायचे? शॉपवाला म्हणतो, दोष माझा नाही. दर महिन्याला भांडण, आणि मधे हे साहेब.

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे रफ बोअर झाल्यावर पीस थांबवून बघतात, आणि रिजेक्शनच्या कागदावर दोन वेगळे रकाने असतात: सीआर म्हणजे कास्टिंगचा दोष, एमआर म्हणजे आमच्या मशिनिंगचा. पीस कुठल्या टप्प्यावर बाद झाला तेही लिहितो, त्यामुळे कुणाचं किती हे ठरवायला वाद उरत नाही. ते म्हणाले, "तो कागद बघायला मिळेल?" मी म्हटलं, उद्या पाठवतो.

भेट झाली दुपारी तीनच्या सुमारास. चिठ्ठी गेली रात्री साडेआठला, निपाणीहून. सकाळी पावणेदहाला त्यांनी स्वीकारली. अकरा वाजता मी हे लिहिलं:

"नमस्कार साहेब. काल म्हटलं होतं तो कागद जोडला आहे, एकच पान आहे. चौथा रकाना रफ बोअरनंतरच्या तपासणीचा. होल तिथेच दिसलं तर फिनिशिंगचा खर्च वाचतो आणि सीआर म्हणून फाउंड्रीकडे परत जातं. एक मात्र सांगतो, रफ कटच्या खाली लपलेलं होल यातून सापडत नाही, ते फिनिशलाच कळतं. म्हणून रफमध्ये किती काढायचं ते महत्त्वाचं. तुमच्या हाउसिंगच्या बोअरला मशिनिंग अलाउन्स किती ठेवलाय, तीन मिलिमीटर की जास्त?"

यात तीन गोष्टी बघा. पहिली, जे पाठवतो म्हटलं होतं ते पाठवलं. हे ऐकायला साधं वाटतं, पण "पाठवतो" म्हणून न पाठवणारे एवढे असतात की पाठवणारा वेगळा दिसतो. दुसरी, आमच्या पद्धतीची मर्यादा मी स्वतःच सांगितली. खरेदी बघणारा माणूस दिवसभर "हंड्रेड परसेंट करून देतो" ऐकत असतो. काय जमत नाही ते सांगणाऱ्यावर त्याचा पटकन विश्वास बसतो. तिसरी, शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर एका आकड्यात देता येतं, चालता चालता. "आपण कधी भेटू शकतो?" या प्रश्नाला त्याला डायरी उघडावी लागते, बॉसला विचारावं लागतं, म्हणून तो उत्तर उद्यावर टाकतो आणि ते उद्याच राहतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं: "चार मिमी. मशीन लिस्ट पाठवा." मशीन लिस्ट त्यांनी मागितल्यावर गेली, आधी नाही. पुढे ड्रॉइंग आलं, आम्ही कोटेशन दिलं, आणि रेट जुळला नाही. तेही होतं.

कंपनी प्रोफाइलची पीडीएफ पहिल्याच मेसेजला जोडली तर?

बारा पानांची पीडीएफ, पहिल्या पानावर गणपती, दुसऱ्यावर संस्थापकांचा फोटो. मीसुद्धा पाठवायचो. कुणी उघडलेली मला माहीत नाही.

जोडायचंच असेल तर एक पान, आणि तेही त्याने मागितलेलं. आणि ते पाठवण्याआधी कोपरे बघा. मी एकदा तपासणीचा रिपोर्ट नमुना म्हणून पाठवला. आतले आकडे झाकले होते, पण खालच्या टायटल ब्लॉकमध्ये दुसऱ्या ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर तसाच राहिला होता. समोरून शांतपणे एवढंच आलं: "आमचेही रिपोर्ट असेच बाहेर जातात का?" त्यावर लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. ग्राहकाचं ड्रॉइंग, त्याच्या पार्टचा फोटो, यातलं काहीच त्याच्या परवानगीशिवाय पाठवायचं नाही. विमानाच्या सुट्या भागांचं काम करणाऱ्या हत्तरगीकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही, बाकी आपल्याला लागतं.

मेसेज मराठीत लिहू, इंग्रजीत की कन्नडमध्ये?

ज्या भाषेत बोललात त्या भाषेत. सोपं वाटतं, पण आपल्याकडे ते तेवढं सोपं नाही, कारण एका स्टॉलवर आपण पाच मिनिटांत तीन भाषा बोलतो.

आडनावावरून भाषा ठरवू नका. पाटील, देसाई, कुलकर्णी दोन्हीकडे आहेत. माझ्या ओळखीचे एक साहेब आडनावाने पक्के मराठी वाटतात, घरात कन्नड बोलतात, आणि मराठी समजत असली तरी देवनागरीतला लांब मेसेज वाचायचा त्यांना कंटाळा येतो. उलट गोकाककडचे एक जण कन्नड आडनावाचे, पण कोल्हापुरात शिकलेले, मराठीत लिहिलं की खुलतात. तुम्ही स्टॉलवर कसे बोललात तेवढंच खरं.

मिसळ झाली असेल तर मी असं करतो: नमस्काराची ओळ त्यांच्या भाषेत, कामाचा मजकूर साध्या इंग्रजीत. कारण हा मेसेज तो माणूस पुढे क्वालिटीवाल्याला किंवा पुण्यातल्या हेड ऑफिसला ढकलतो, आणि तिथे कोण बसलंय ते आपल्याला माहीत नसतं. कन्नड येत नसताना भाषांतर करून लांब कन्नड मजकूर पाठवू नका. लगेच ओळखू येतो, आणि पुढच्या फोनवर ते कन्नडमध्ये सुरू झाले की पंचाईत. एक "नमस्कारा सर" पुरतं.

गावाच्या नावाचाही प्रश्न येतो. मराठीत लिहिताना मी बेळगाव लिहितो, इंग्रजीत Belagavi, कारण २०१४पासून सरकारी नाव तेच आहे आणि बिलावरचा पत्ताही तोच असतो. पर्चेसवाल्याला कोटेशनवरचा पत्ता आणि प्रोफाइलवरचा पत्ता जुळलेला हवा असतो. सीमाप्रश्नावर तुमचं जे मत असेल ते असो, ते या मेसेजमध्ये आणू नका. कुणी छेडलं तरी.

"साहेब", "सर" की नाव? मराठीत बोललो असू तर "देसाई साहेब". इंग्रजीत "सर" आणि मॅडम असतील तर "मॅडम". स्टॉलवर समोरच्याला "अण्णा" म्हटलं असेल तरी पहिल्या लेखी मेसेजमध्ये नको. पंचवीस वर्षांचा इंजिनिअर असला तरी "तुम्ही".

सगळे व्हॉट्सॲपवरच असतात. मग लिंक्डइन कशाला?

त्याने स्वतः "व्हॉट्सॲप करा" म्हटलं तर व्हॉट्सॲपच करा, वाद घालू नका. शिरोळीतल्या जुन्या फाउंड्रीवाल्यांपैकी बरेच जण लिंक्डइनवर नाहीतच, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायचा.

पण पगारी पर्चेस मॅनेजरचं वेगळं असतं. त्याच्या व्हॉट्सॲपवर चलन, गाडी नंबर, "माल निघाला का", शाळेचा ग्रुप, सगळं एकावर एक पडत असतं. अनोळखी नंबरावरून आलेल्या मेसेजला चेहरा नसतो. लिंक्डइनवर मेसेजशेजारी फोटो, काम, गाव दिसतं, आणि कोण ओळखीचं सामाईक आहे तेही. शिवाय नोकरी सोडली की कंपनीचा नंबर आणि कंपनीचा ईमेल मागे राहतो, प्रोफाइल मात्र माणसाबरोबर जातं. वर ज्यांच्याशी रेट जुळला नाही म्हटलं, ते सात महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत गेले. तिथेही कास्टिंगचीच रड होती. त्यांनी त्याच जुन्या मेसेजच्या खाली लिहिलं, "तो कागद परत पाठवता का?" कार्डावरचा त्यांचा नंबर तोवर दुसऱ्याकडे गेला होता.

एका दिवसात वीस-पंचवीस कार्डं येतात. सगळ्यांना लिहायचं?

नाही. ज्यांच्या कार्डामागे काही लिहिलं आहे त्यांनाच, आणि ते चार-पाचच निघतात. बाकीच्यांना नुसती रिक्वेस्ट गेली तरी चालते, नाही गेली तरी चालते. इन्शुरन्सवाल्याला आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्याला चोवीस तासांत लिहायची गरज नाही, ते तुम्हाला लिहितील.

एकच मजकूर सगळ्यांना डकवण्याचा मोह मलाही झालाय. एका मेळाव्यानंतर मी नाव बदलून तोच मेसेज बारा जणांना पाठवला. त्यातले दोघे एकाच कंपनीत शेजारच्या टेबलांवर बसत होते, हे मला पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी एकाने हसत हसत सांगितलं. दोघांच्याही मेसेजमध्ये "आपल्याशी झालेली चर्चा विशेष लक्षात राहिली" असं होतं.

घाईत दुसऱ्याच साहेबांचं नाव पडलं. आता?

पाठवल्यापासून साठ मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो किंवा काढता येतो. मोबाइलवर मेसेजवर बोट दाबून धरा, पर्याय येतो. दुरुस्त केला की तो बदलल्याची खूण दिसते, आणि फोनवर आलेल्या सूचनेत पहिली ओळ त्यांनी आधीच वाचलेली असू शकते. म्हणून नाव चुकलं असेल तर गुपचूप बदलण्यापेक्षा बदलून खाली एक ओळ लिहावी: "माफ करा, घाईत नाव चुकलं होतं, दुरुस्त केलंय." साठ मिनिटं उलटली असतील तर नुसती ती ओळ.

रात्री उशिरा लिहिलं तर चालेल? समोर मॅडम असतील तर?

रात्री नऊनंतर मी कुणालाच पाठवत नाही. लिहून ठेवतो आणि सकाळी नऊ-दहाला सोडतो. चोवीस तासांत तेही बसतं. मॅडम असतील तर हे कटाक्षाने पाळा, आणि फोटोवर, साडीवर, हसण्यावर कसलीही टिप्पणी नको, कौतुक म्हणूनसुद्धा. मेसेजमध्ये कामाचाच विषय, तोच जो भेटीत होता. माझी पुतणी एका वाहनभाग कंपनीत क्वालिटीत आहे. ती सांगते, प्रदर्शनानंतर तिला येणाऱ्या मेसेजपैकी कामाचे किती आणि बाकीचे किती. आकडा इथे लिहीत नाही, आपल्यालाच लाज वाटेल.

मेसेज वाचला, पण उत्तर नाही. किती वेळा आठवण करू?

एकदा. दोन आठवड्यांनी, आणि हात हलवत नाही. "माझा मेसेज मिळाला का?" ही आठवण म्हणजे नुसता तगादा. काहीतरी नवीन घेऊन जा: त्याच विषयातला शॉपवरचा एखादा अनुभव, एखादा फोटो. ब्लो होलच्याच बाबतीत मी एकदा दुसऱ्या एका साहेबांना कापलेल्या कास्टिंगचा फोटो पाठवला होता, कास्टिंग आमचंच बाद झालेलं. खाली लिहिलं होतं, "कापल्यावर असं दिसलं, होल वरच्या बाजूलाच होती." त्यावर उत्तर आलं, पहिल्या मेसेजवर आलं नव्हतं.

तरी काही नाही आलं तर सोडून द्या. पुढच्या प्रदर्शनात तोच माणूस भेटतो, आणि तेव्हा तुम्ही अनोळखी नसता. उत्तर न देणाऱ्याच्या प्रत्येक पोस्टवर जाऊन टाळ्या वाजवायची गरज नाही, ते दिसतं.

चार दिवस उलटून गेले. आता लिहू की नको?

लिहा, पण उशिराचं कारण लांबवू नका. तब्येत, लग्नसराई, मशीन बिघडलं, त्यांना यातलं काही नको असतं. "चार दिवस उशीर झाला, माफ करा" एवढं एक वाक्य, आणि लगेच त्यांनी सांगितलेली गोष्ट. उशीर झाला असेल तर मात्र वचन दिलेला कागद हातात तयार ठेवूनच लिहा. उशिरा येऊन पुन्हा "उद्या पाठवतो" म्हणणाऱ्याचं कार्ड कुठे जातं ते मी पाहिलंय: पर्चेसच्या टेबलाखाली निळी बादली असते.